टक्सेडो घालून दुपारच्या लग्नाला गेलं तर?

प्रश्न: इंग्लंडमध्ये सहकाऱ्याचं लग्न आहे. दुपारी २ ला चर्च, पत्रिकेवर 'मॉर्निंग ड्रेस'. रात्री जेवणाला 'ब्लॅक टाय'. माझ्याकडे टक्सेडो आहे, दोन्हीकडे चालेल का? आणि डिनर जॅकेट म्हणजे आणखी तिसरंच काही असतं का?

उत्तर: रात्री चालेल, कारण ब्लॅक टाय म्हणजे टक्सेडोच. दुपारी नाही, कारण मॉर्निंग ड्रेस म्हणजे मागे लांब जाणाऱ्या कोटाचा, दिवसाचा औपचारिक पोशाख. डिनर जॅकेट हे तिसरं काही नसून तुमच्या टक्सेडोचंच ब्रिटिश नाव आहे. 'टक्सेडो' हे नाव न्यूयॉर्कजवळच्या टक्सेडो पार्कवरून अमेरिकेत रुळलं. अमेरिकेत मात्र डिनर जॅकेट म्हटलं की बरेचदा उन्हाळ्यातला मोतिया रंगाचा कोट अभिप्रेत असतो, म्हणून हा गोंधळ होतो. त्या मोतिया कोटाच्या लॅपेलवर, म्हणजे कॉलरखाली छातीवर दुमडलेल्या भागावर, शक्यतो रेशीम नसतं, कोटाचंच कापड असतं. तो तुमच्या या लग्नासाठी नको.

खरा फरक आहे तो रात्रीचा पोशाख आणि दिवसाचा पोशाख यांत. ओळखायची सोपी खूण म्हणजे लॅपेल. डिनर जॅकेटच्या लॅपेलवर रेशमी कापड चढवलेलं असतं: एक तर गुळगुळीत चकाकणारं सॅटिन, नाहीतर बारीक आडव्या रेघांचं, मंद चमकेचं ग्रोग्रेन. बो टायही त्याच कापडाचा हवा. मॉर्निंग कोटाच्या टोकदार लॅपेलला कोटाचंच कापड असतं, चमक अजिबात नाही. तुमच्या टक्सेडोचं लॅपेल ऑफिसच्या सुटासारखं खाचेचं असेल तर हाकलून देणार नाहीत, पण रेशमी पट्टी लावलेला ऑफिसचा सूट असंच ते दिसतं. नवीन शिवत असाल तर टोकदार किंवा शॉलसारखं गोल सांगा. इस्त्रीवाल्याला लॅपेल दाबून सपाट करू देऊ नका. त्याचा गोलावा जातो, आणि पॉलिएस्टर सॅटिन असेल तर गरम इस्त्रीने चट्टा पडतो.

डिनर जॅकेटची पॅन्ट कोटाच्याच कापडाची असते आणि बाहेरच्या शिवणीवरून रेशमाची एक पट्टी खाली जाते. मॉर्निंग सुटाची पॅन्ट बहुधा करड्या-काळ्या उभ्या रेघांची असते, तिला पट्टी नसते. दोन्हींना खाली बाहेरची मुडप नको, बेल्टही नको. पॅन्ट खांद्यांवरून येणाऱ्या पट्ट्यांवर, म्हणजे गॅलसवर लटकते.

सगळ्यात जास्त चुका कोटाच्या आतल्या बिनबाह्यांच्या जाकिटात होतात. मॉर्निंग सुटाचं जाकीट कोटापेक्षा वेगळ्या रंगाचं चालतं, किंबहुना तेच शोभतं: फिकट करडं किंवा फिकट पिवळसर. हा कोट पुढून तिरका कापत मागे गुडघ्यापर्यंत जातो, म्हणून जाकिटाची खालची कड उघडी पडते. पॅन्ट कमरेवर न बसता खाली घसरली की जाकीट आणि पॅन्टच्या मध्ये पांढऱ्या शर्टाचा त्रिकोण दिसतो. भाड्याच्या सुटांत हे सर्रास होतं, कारण आपल्याला पॅन्ट खाली घालायची सवय असते आणि ही पॅन्ट बेंबीच्या जवळपास बसायला हवी. म्हणून दुकानातच गॅलस लावून दोन्ही हात वर करा. शर्ट दिसला तर उंच कमरेची पॅन्ट मागा. जाकीट लांब करून भागवू नका.

डिनर जॅकेटखालचं जाकीट काळं आणि छातीवर खोल कापलेलं असतं, म्हणजे शर्टाचा पुढचा भाग मोकळा दिसतो. त्याऐवजी कमरबंद चालतो. हो, आपलाच कमरबंद. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी तो हिंदुस्थानातून नेला. त्याच्या चुण्या वर उघडणाऱ्या ठेवतात. दोन्हींपैकी एकच घाला. कोट डबल ब्रेस्टेड असेल तर तोच कंबर झाकतो, मग दोन्हींची गरज नाही.

औपचारिकतेत मॉर्निंग ड्रेस वरच्या पायरीवर आहे. त्याची बरोबरी रात्रीच्या व्हाइट टायशी होते, म्हणजे शेपटीच्या कोटाशी. ब्लॅक टाय त्या दोघांच्या खाली. त्यामुळे दुपारी टक्सेडोत गेलात तर वेळही चुकते आणि पायरीही. ढोबळ नियम असा की संध्याकाळी ६ च्या आधी डिनर जॅकेट नको.

तेव्हा मॉर्निंग सूट तिथेच भाड्याने घ्या. सोबत पांढरा शर्ट, साध्या कॉलरवर नेहमीचा लांब टाय (बो नव्हे) आणि काळे बूट. टॉप हॅट यजमान सांगतील तरच. संध्याकाळी कपडे बदलायला जागा आणि वेळ आहे का, हे मात्र आधीच विचारून ठेवा. चर्च आणि जेवण यांच्या मध्ये तासाभराचाच अवकाश असेल तर बरेच पाहुणे दिवसभर मॉर्निंग सुटातच राहतात. पण इथे पत्रिकेवर ब्लॅक टाय वेगळा छापलाय, म्हणजे बदलणं अपेक्षित आहे. तेच काळे बूट, नीट पॉलिश केलेले असतील तर, रात्रीही चालतील.