आधी ठिकाण, मग नंबर, मग काय झालं ते

मोबाइलवरून आपत्कालीन नंबर लावला की त्यांना आपलं लोकेशन दिसतंच ना? मग पत्ता विचारण्यात वेळ का घालवतात?

दिसतं, पण नेहमी तुमचं दार दिसत नाही. बऱ्याचदा कळतो तो फक्त तुमचा फोन ज्या टॉवरला जोडलाय त्याचा परिसर. दाट वस्तीत तो काही शे मीटरचा असतो, मोकळ्या रानात कित्येक किलोमीटरचा. बऱ्याच स्मार्टफोनमध्ये आणखी एक सोय असते: आपत्कालीन कॉल लागताच फोन स्वतःच जीपीएस आणि वायफायवरून जागा काढून पाठवतो. मात्र ती सगळीकडे चालत नाही, आणि चालते तिथेही जागा पोचायला वीस-पंचवीस सेकंद जाऊ शकतात. शिवाय ठिपका शेजारच्या इमारतीवर पडू शकतो, आणि मजला त्यावरून बहुधा कळत नाही. म्हणून इमारत, विंग, मजला आणि कुठलं गेट उघडं आहे हे तोंडी सांगावंच लागतं.

सुरुवात गावाच्या किंवा शहराच्या नावाने करा, गल्लीच्या नाही. हद्दीजवळ असाल तर फोन पलीकडचा टॉवर पकडतो आणि कॉल शेजारच्या नियंत्रण कक्षात जातो. तिथल्या माणसाला तुमची गल्ली ठाऊक नसते. त्याहून वाईट म्हणजे त्याच नावाची गल्ली त्याच्याही शहरात असते. आणि प्रश्न चालू आहेत म्हणजे गाडी अडून राहिली आहे असं समजू नका. बहुतेक मोठ्या केंद्रांत एक जण बोलत असतो आणि त्याने टाइप केलेलं वाचून दुसरा गाडी रवाना करतो.

हायवेवर अपघात दिसला, पण आपण कुठे आहोत हेच माहीत नाही. काय सांगायचं?

कुठून कुठे निघालात, ते आधी. दुभाजक असलेल्या रस्त्यावर बाजू चुकली तर गाडीला पुढचं वळण गाठून उलटं यावं लागतं, त्यात मिनिटं जातात. मग किलोमीटरचा दगड, पूल, मागे गेलेला टोलनाका किंवा फाटा. विजेच्या खांबावर नंबर रंगवलेला असेल तर तोही वाचून दाखवा.

खूण म्हणून काहीच नसेल तर नकाशाच्या ॲपमध्ये निळ्या ठिपक्यावर बोट दाबून धरा, अक्षांश-रेखांश मिळतात. इंटरनेट नसलं तरी जीपीएस चालतो. फक्त नकाशाचं चित्र कदाचित उमटणार नाही. इथे एक चूक फार होते. पडद्यावर ४०.४५ दिसतं आणि माणूस घाईत ‘चाळीस अंश पंचेचाळीस मिनिटं’ म्हणतो. एका अंशाची मिनिटं साठ, म्हणजे पंचेचाळीस मिनिटं झाली पाऊण अंश, ०.७५. फरक पडला ०.३० अंशाचा. अक्षांशाचा एक अंश साधारण १११ किलोमीटरचा, तेव्हा मदत तेहतीस किलोमीटर लांब जाणार. म्हणून ‘चाळीस पॉइंट चार पाच’ असा एकेक आकडा वाचा. पॉइंटनंतरचे चार आकडे दिलेत तर जागा दहाबारा मीटरच्या आत सांगितल्यासारखी होते. पलीकडच्याला ते परत म्हणून दाखवायला सांगा.

माझा नंबर त्यांच्या स्क्रीनवर येतोच. तरी का विचारतात?

नेहमी येत नाही, आणि आला तरी तो उपयोगाचा असेलच असं नाही. दोन सिमच्या फोनमधून कॉल कुठल्या सिमवरून गेला हे घाईत तुम्हालाही कळत नाही. आपल्या कंपनीची रेंज नसताना फोन दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून आपत्कालीन कॉल लावू शकतो. पण त्या अवस्थेत तुमच्या नंबरवर उलटा फोन लागत नाही. अशा वेळी शेजारी उभ्या असलेल्या, रेंज असलेल्या माणसाचा नंबर द्या.

सर्वांत फसवा प्रकार म्हणजे सिम नसलेला जुना फोन. बऱ्याच देशांत त्यावरूनही आपत्कालीन कॉल लागतो, म्हणून काही जण तो मुद्दाम गाडीत ठेवतात. ठेवायला हरकत नाही. मात्र त्या फोनला नंबरच नसतो, त्यामुळे कॉल तुटला तर कक्षातून तुम्हाला कोणीही गाठू शकत नाही. तोंड उघडताच ‘या फोनमध्ये सिम नाही’ सांगा, आणि ठिकाण पहिल्याच वाक्यात.

मध्येच कॉल कट झाला तर आपण परत लावायचा की वाट पाहायची?

सिम नसेल, रेंज दुसऱ्याची असेल किंवा ठिकाण सांगायचं राहिलं असेल तर लगेच लावा. ठिकाण आणि नंबर दोन्ही देऊन झालं असेल तर अर्धा-एक मिनिट लाइन मोकळी ठेवा, नाहीतर तेही लावतात, तुम्हीही लावता आणि दोघांनाही बिझी टोन. नाहीच आला तर पुन्हा करा. दुसऱ्यांदा फोन बहुधा वेगळाच माणूस उचलतो. त्याला ‘आधीचा कॉल तुटला’ म्हणा आणि ठिकाण पुन्हा पहिल्यापासून सांगा, म्हणजे तो नवी नोंद न करता जुनीच शोधेल.

तोवर घरच्यांना कळवायला तोच फोन वापरू नका. अनोळखी नंबर गप्प करणारी सेटिंग चालू असेल तर बंद करा. उलटा येणारा फोन तुमच्या ओळखीच्या नंबरावरून येणार नाही, कधीकधी नंबर दिसणारही नाही.