हायड्रंट लाइनमधलं काळं पाणी

"सोसायटीची फायर हायड्रंट लाइन 7 वर्षांत दोन ठिकाणी फुटली. उघडली तर काळं, सडक्या अंड्याच्या वासाचं पाणी. लाइन कायम भरलेली, आत हवाच नाही, मग गंजली कशी?"

हवा नाही म्हणूनच. आपण श्वासाला ऑक्सिजन घेतो, तसं काही बॅक्टेरिया पाण्यातलं सल्फेट वापरतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. वास त्याचाच. तो लोखंडाशी जुळला की काळं आयर्न सल्फाइड बनतं. खाडीचा चिखल वरून तपकिरी आणि बोटभर खाली काळाकुट्ट असतो ना, तोच प्रकार तुमच्या पाइपात चाललाय.

खरी गंमत (म्हणजे डोकेदुखी) या काळ्या थराची आहे. त्यातून वीज वाहते, त्यामुळे शेजारचं उघडं लोखंड आणि हा थर मिळून छोटी बॅटरी तयार होते आणि लोखंड एकाच जागी विरघळत जातं. आमच्याकडे 6 इंची पाइप कापला तेव्हा बाकी भिंत जवळपास शाबूत होती, पण गंजाच्या एका गाठीखाली खड्डा आरपार गेलेला. म्हणून जाडी मोजायचं मशीन दोनचार जागी लावून पाइप ठीक आहे म्हणणाऱ्याचं ऐकू नका, खड्डा नेमका त्याच्या शेजारी असू शकतो.

काळं दिसलं की सल्फाइडच असं मात्र नाही, मॅग्नेटाइट हा गंजाचा प्रकार पण काळाच असतो. थोडा गाळ उघड्यावर बशीत घ्या, त्यावर पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडचे दोनचार थेंब टाका. सल्फाइड असेल तर अंड्याचा वास येतो, लेड ॲसिटेटचा कागद वर धरला तर काळा पडतो. नाक खुपसू नका, आणि टाकीत किंवा बंद खोलीत तर हे अजिबात करू नका, हा वायू जास्त झाला की नाक बधिर होऊन वासच येईनासा होतो आणि माणूस पडतो.

आता सल्फेट येतं कुठून? आमच्याकडे टाकीत बोअरचं पाणी होतं आणि कुठेतरी बारीक गळती, लाइनचा दाब टिकवणारा छोटा जॉकी पंप रोज थोडं थोडं नवीन पाणी आत ढकलायचा, म्हणजे बॅक्टेरियांना डबा पोचतच होता. आधी तुमचा जॉकी दिवसातून किती वेळा सुरू होतो ते बघा. बोअरच्या पाण्याचं सल्फेट पण तपासून घ्या, पिण्याच्या पाण्याला आपल्याकडे 200 मिलिग्रॅम लिटरमागे ही मर्यादा आहे, त्यावरून अंदाज येईल.

नुसतं क्लोरीन ओतून काही होत नाही. सल्फाइडच ते खाऊन टाकतं, गाठीच्या आत तर पोचतच नाही. आधी गाठी खरवडून, जोरात फ्लश करून गाळ काढायचा, मग क्लोरीन, मग चांगलं पाणी भरून लाइन शांत ठेवायची. दर आठवड्याला रिकामी करून भरायचा उत्साह नको, प्रत्येक वेळी ताजं सल्फेट आणि वर ऑक्सिजन आत जातो. खड्डे खोल असलेले तुकडे बदलावेच लागतील, आमचे तीन बदलले.