क्लेमच्या राहिलेल्या पैशांसाठी विमा कंपनीला मेल कसा लिहावा?

‘बाबांच्या ऑपरेशनचं बिल ६२,४००, मंजूर ५७,९००, खात्यात आले ४६,३००. पूर्ण पैसे द्या असं लिहिलं की “क्लेम सेटल झाला आहे” एवढंच उत्तर येतं. – वडोदरा’

‘पूर्ण पैसे’ हे शब्द आधी काढा. त्यात दोन वेगळी भांडणं मिसळली आहेत. ४,५०० ही कपात आहे, तिची कारणं सेटलमेंट लेटरमध्ये असतात आणि त्यावर हरकत घ्यायची तर वेगळा मेल करा. मंजूर होऊनही न आलेले ११,६०० ही थकबाकी. हा मेल फक्त तिच्यासाठी.

तारखा तुमच्या घालून असं लिहा:

‘क्लेम क्रमांक अमुक. शेवटचं कागदपत्र १९ जूनला दिलं, पोच सोबत. ८ जुलैच्या पत्रानुसार ५७,९०० मंजूर. १० जुलैला ४६,३०० जमा, बँक स्टेटमेंट सोबत. उरलेले ११,६०० कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यात पाठवले, त्या बँक व्यवहाराचा यूटीआर क्रमांक कळवावा. पाठवले नसल्यास कारण लेखी द्यावं.’

यूटीआर मागितला की ‘सेटल झाला’ म्हणून सुटता येत नाही. पैसे निघाले असतील तर त्या क्रमांकावरून बँक माग काढते. खातं किंवा आयएफएससी चुकल्याने पैसे परत गेले असतील तर तेही कळतं. ‘शेवटचं कागदपत्र’ ही तारीख मात्र गाळू नका, उशिराचं व्याज मागायचं झालं तर ती लागते. फोनवरची बाचाबाची मेलमध्ये आणू नका.

मेल क्लेम हाताळणाऱ्या मध्यस्थ संस्थेला, म्हणजे टीपीएला नव्हे, कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला करा. महिनाभरात उत्तर आलं नाही तर अहमदाबादच्या विमा लोकपालाकडे जाता येतं.