लॉग फुटेजला लट लावला तरी व्हिडिओ धुतल्यासारखा दिसतो. नंतर कॉन्ट्रास्ट, सॅच्युरेशन वाढवून ठीक होईल का?

होईल, पण अर्धवट. लॉग म्हणजे मुद्दाम फिकं, सपाट रेकॉर्ड केलेलं चित्र, आणि लट म्हणजे त्याचे रंग-उजेड नेहमीसारखे करणारी तयार फाइल. आणि त्या अर्धवटपणात माझ्या दोन रात्री गेल्या आहेत, म्हणून लिहितोय.

एका मुलाखतीचं एडिट माझ्याकडे होतं. पाहुण्यांचा कोट काळा, मागे करडी भिंत. शूट एस-लॉग३ मध्ये, म्हणजे सोनीच्या एका लॉगमध्ये. तेव्हा मी ज्यांच्या हाताखाली होतो त्यांचा नियम ठरलेला: आधी लट, मग जे काय करायचं ते वरून. त्यांनीच दिलेला लट लावला आणि कोट राखाडी, चेहरा पिठात बुडवल्यासारखा. म्हटलं, काळा खाली ओढू. ओढला, तर कोटाच्या घड्या, बटणं सगळं एका काळ्या डागात गेलं आणि चेहरा तसाच फिका. सॅच्युरेशन वाढवलं तर गाल लाल झाले. दोन रात्री हेच.

तिसऱ्या दिवशी सहज शूटच्या सुरुवातीचा, एक्स्पोजर तपासायला धरलेल्या ग्रे कार्डचा शॉट उघडला. लट बंद करून वेव्हफॉर्म, म्हणजे उजेडाची पातळी टक्क्यांत दाखवणारा आलेख पाहिला, तर कार्ड ४१ टक्क्यांवर. एस-लॉग३ मध्ये नीट एक्स्पोज केलेलं कार्ड तिथेच बसायला हवं. म्हणजे शूट निर्दोष. मग लटच्या फाइलचं नाव नीट वाचलं. तो एस-लॉग२ चा होता!

आता गंमत बघा. एस-लॉग२ मध्ये तेच कार्ड ३२ टक्क्यांवर असतं. म्हणून माझं ४१ वरचं कार्ड त्या लटला जवळजवळ पाऊण स्टॉप उजळ वाटलं; एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश. काळा कोट, म्हणजे दोन टक्के प्रकाश परत पाठवणारं कापड धरा, एस-लॉग२ मध्ये साधारण १० वर यायला हवा, तो एस-लॉग३ मध्ये १७ वर होता. पण पांढरा कागद एकात ५९ वर, दुसऱ्यात ६१ वर, म्हणजे जवळपास जागच्या जागी. अगदी तळाचा काळाही दोन्हींत ३ ते साडेतीनच्या आसपास. दोन्ही टोकं जागेवर आणि फक्त मधला भाग वर उचललेला. त्यालाच आपण धुतलेलं म्हणतो. म्हणूनच काळा खाली ओढून काही झालं नाही. तळ बरोबरच होता, मी बरोबर असलेली गोष्ट बिघडवत बसलो होतो. योग्य लट लावल्यावर कोट दहा सेकंदांत कोट झाला.

तेव्हा तुम्ही कुठल्याही स्लायडरला हात लावण्याआधी कॅमेऱ्यात कुठला लॉग निवडला होता ते बघा आणि लट त्याचाच आहे ना याची खात्री करा. प्रत्येक कंपनीचा लॉग वेगळा आणि एकाच कंपनीचे दोन लॉगही वेगळे, हे वर दिसलंच.

लट बरोबर असूनही फिकं दिसत असेल, तर बहुतेक फुटेज मुद्दाम उजळ शूट केलेलं असतं, सावलीतला नॉइज टाळायला. ते लटच्या आधी खाली आणा. एस-लॉग३ मध्ये एक स्टॉप म्हणजे वेव्हफॉर्मवर साधारण ९ टक्के. कार्ड ५९ वर असेल तर दोन स्टॉप जास्त, सगळं मिळून १८ खाली सरकवा आणि मग लट. हे लटनंतर केलंत, तर लटने वरच्या टोकाला कापलेले ढग किंवा कपाळावरची चमक परत येत नाही, फक्त पांढऱ्याची राखाडी होते.

Premiere मध्ये यात एक फसवणूक आहे. Basic Correction मधल्या Input LUT मध्ये लट टाकला तर तो तिथल्या स्लायडरच्या आधी लागतो, म्हणजे तुम्ही नकळत लटनंतरच दुरुस्ती करत असता. तोच लट Creative च्या Look मध्ये टाका, म्हणजे Basic चे स्लायडर त्याच्या आधी चालतात. Resolve मध्ये सोपं आहे, एक्स्पोजरचा नोड लटच्या नोडच्या डावीकडे ठेवा.

हेच मी आमच्या साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, “इतकी वर्षं असंच करतोय, कोणी तक्रार केली नाही.” तक्रार कोण करणार? क्लायंटला मूळ कोट दिसलाच कुठे होता? लट दुरुस्ती करत नाही, तो फक्त भाषांतर करतो, आणि चुकीच्या भाषेचं भाषांतर करून पुढे शुद्धलेखन तपासण्यात काय अर्थ आहे, एवढंच मी म्हणालो होतो. त्या वाक्यानंतर आमचं फार काळ टिकलं नाही.

हो, एक राहिलं. ८ बिटचं एस-लॉग३ असेल आणि शूट अंधारं असेल, तर आधी करा की नंतर, सावलीत नॉइज आणि भिंतीवर पट्टे येणारच. तिथे माझाही काही इलाज चालत नाही.