पॉलिसी ह्यांच्या नावावर होती, आता आमचं काय?

"मॅडम, मिस्टर गेले आणि घरची मेडिक्लेम त्यांच्याच नावावर आहे, त्यात मी आणि दोन मुलं आहोत. दीर म्हणतात माणूस गेला की पॉलिसी संपली, एजंट म्हणतो नवीन काढा. मला शुगर आहे. कंपनीला कळवलं तर आहे तेही बंद करतील का?"

गेल्या दोन-तीन वर्षांत हाच प्रश्न इतक्या जणींनी विचारलाय की शेवटी लिहायलाच बसले. मी शोकात असलेल्या लोकांबरोबर काम करते, इन्शुरन्सचा धंदा नाही माझा, पण माझं ठाम मत आहे की कागदपत्रं हा शोकाचाच भाग असतो. "आधी मन सावरू दे, कागद नंतर बघू" असं मी कुणाला सांगत नाही, कारण माझ्याकडे येणाऱ्या बायकांची झोप बरेचदा त्या न उघडलेल्या फायलीमुळेच उडालेली असते.

सुनंदाताईंचं (नाव बदललंय, बाकी तपशीलही थोडे इकडेतिकडे केलेत) सांगते. वय ४७, मुलगा २०, मुलगी १५. मिस्टर डिसेंबरात गेले, आठ दिवस आयसीयूत होते. जानेवारीच्या मध्यावर त्या माझ्याकडे आल्या आणि पॉलिसीचं रिन्यूअल होतं ९ फेब्रुवारीला. हप्ता दरवर्षी मिस्टरांच्या खात्यातून आपोआप कटायचा आणि ते खातं बँकेने मृत्यूचं कळल्यावर बंद केलेलं. रिन्यूअलचे मेसेज जायचे त्यांच्या मोबाईलवर, तो कपाटात बंद पडलेला. म्हणजे कुणी काहीच केलं नसतं तर ती पॉलिसी गुपचूप संपली असती आणि घरात कुणाला पत्ताही लागला नसता. मला हीच गोष्ट सगळ्यात जास्त वेळा दिसते, पॉलिसी माणूस गेल्यामुळे जात नाही, ती त्या बंद खात्यामुळे आणि बंद फोनमुळे जाते.

पहिल्या दोन भेटी फायलीचं नाव काढलं की त्या विषय बदलायच्या. तिसऱ्या वेळी मी विचारलं, "कंपनीला फोन करताना नेमकी कशाची भीती वाटते?"

बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मी कळवलं की ते यांचं नाव काढून टाकणार. मीच काढायला लावलं असं होईल ना."

मला तेव्हा लख्खकन कळलं की इतके दिवस मी पैशाची भीती शोधत होते आणि ती तिथे नव्हतीच. दीर आणि एजंट जे सांगत होते ते त्यांना पटलेलं नव्हतं, फक्त सोयीचं होतं, कारण पॉलिसी संपलीच असेल तर मग कळवायलाही नको. मी म्हटलं, पुढच्या वेळी फाईल घेऊन या, कंपनीला काही कळवायचं नाही, नुसतं वाचू.

निळी प्लास्टिकची फाईल, कव्हरवर मिस्टरांच्या अक्षरात "मेडिक्लेम, सगळ्यांचा". आतलं पहिलं पान म्हणजे शेड्यूल. वरच्या चौकटीत प्रपोजर, म्हणजे पॉलिसी घेणारा, म्हणून मिस्टरांचं नाव, आणि खाली तक्त्यात विमा असलेल्या माणसांची चार नावं. मी त्यांनाच मोठ्याने वाचायला लावलं. दुसऱ्या ओळीवर आल्या आणि बोट तिथेच थांबलं. स्वतःचं नाव, जन्मतारीख, "डायबिटीस" आणि पहिल्यांदा विमा सुरू झाल्याची तारीख, फेब्रुवारी २०१९. "म्हणजे मी यांच्या पॉलिसीत नव्हते, माझाच विमा होता?" हे त्या म्हणाल्या, मी नाही सांगितलं. एवढ्या वर्षांच्या कामात अशी वाक्यं मोजकीच ऐकायला मिळतात आणि त्या दिवशी मला खरंच खूप बरं वाटलं.

तर उत्तर असं आहे. फ्लोटरमध्ये, म्हणजे सगळ्या घराच्या अशा एकत्र पॉलिसीत, मुख्य माणूस गेला तर फक्त त्याचं कव्हर संपतं, बाकीच्यांचं पॉलिसीची मुदत संपेपर्यंत चालू राहतं आणि पुढे त्यांना रिन्यू करता येतं. बायको किंवा आत असलेलं दुसरं सज्ञान माणूस प्रपोजर होतं. मागे फक्त अज्ञान मुलं राहिली असतील तर पालक किंवा कोर्टाने नेमलेला गार्डियन पॉलिसी पुढे चालवतो. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा, फ्लोटरची रक्कम सगळ्यांची एकत्र असते. सुनंदाताईंच्या ५ लाखातले ३ लाख ८० हजार शेवटच्या आजारपणात गेले होते, म्हणजे रिन्यूअलपर्यंत तिघांना मिळून उरले १ लाख २० हजार, रिन्यू झाल्यावर परत पूर्ण ५ लाख. काही पॉलिसींत क्लेम झालेला नसेल तर गेलेल्या माणसाचा उरलेल्या दिवसांचा प्रीमियम परत मिळतो, इथे क्लेम झालेला होता म्हणून तो विषय नव्हता.

आणि एजंट म्हणतो तशी नवीन पॉलिसी का नको, तर शुगरमुळे. जुन्या पॉलिसीत शुगरचा वेटिंग पिरियड कधीच संपून गेलाय. नवीन काढली तर आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत परत थांबावं लागू शकतं. शिवाय सलग पाच वर्षं पूर्ण झाली की काही सांगायचं राहिलं म्हणून कंपनी क्लेम नाकारू शकत नाही, फसवणूक सिद्ध केली तरच, ही पाच वर्षंही नव्याने मोजायला लागली असती. सात वर्षांची ही कमाई एका सहीने गेली असती.

मुलाचा विचार होता की बाबांच्या लॉगिनमधून ऑनलाईन हप्ता भरून टाकू, कुणाला काय कळतंय. असं करू नका. खिशातून भरलेल्या बिलाचे पैसे कंपनी प्रपोजरच्या खात्यात पाठवते, आणि तो माणूसही नाही आणि ते खातंही नाही, म्हणजे ऐन आजारपणात तुमचा क्लेम अडकणार.

त्यांनी मग ईमेल केला, अगदी साधा. मृत्यूची तारीख, पॉलिसी नंबर, मयत सदस्याचं नाव कमी करावं, प्रपोजर म्हणून माझं नाव लावावं, बाकी सदस्यांची सलगता आणि बोनस कायम ठेवावा. सोबत मृत्यू दाखला, स्वतःचं पॅन, आधार, स्वतःच्या खात्याचा कॅन्सल चेक. नॉमिनी त्याच होत्या, म्हणून नवा नॉमिनीही द्यावा लागला, तिथे मुलाचं नाव घातलं. फ्लोटरचा प्रीमियम साधारण सगळ्यात मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो, आता त्या मोठ्या, म्हणून तो थोडा उतरला. वर्षाचा हप्ता असेल तर तारखेनंतर ३० दिवस ग्रेस असतो, सलगता टिकते, पण त्या मधल्या दिवसांत कुणी ॲडमिट झालं तर क्लेम मिळत नाही, म्हणून मी त्यांना ९ तारखेच्या आतच भरायला लावलं.

रिन्यू झालेलं शेड्यूल आलं तेव्हा मी सांगितलं होतं, प्रीमियमचा आकडा नंतर बघा, आधी पहिल्यांदा विमा सुरू झाल्याच्या तारखेचा रकाना बघा. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, आवाज एकदम वेगळा. "मॅडम, माझी आणि मुलीची २०१९ बरोबर आहे, पण मुलाच्या नावापुढे यंदाची तारीख टाकलीय. मीच कॉल केला, जुन्या शेड्यूलचा फोटो पाठवला, लेखी करेक्शन मागितलंय." नऊ दिवसांनी दुरुस्त कागद आला. त्यांनी तो त्याच निळ्या फायलीत वर लावला, मिस्टरांच्या नावाचं जुनं शेड्यूल त्याच्या मागे ठेवलं, आणि कव्हरवरचं अक्षर तसंच राहू दिलं.