ऑनलाइन क्विझचं पहिलं काम आणि त्याचा दर

प्रिय,

ऐंशी माणसांच्या कंपनीसाठी तासाभराचं क्विझ घ्यायचंय आणि माणशी किती मागू, असं तू विचारलंस. माणशी दर लावू नकोस. माणसं चाळीस आली काय नि ऐंशी आली काय, तुझी मेहनत तेवढीच असते. शिवाय आयत्या वेळी निम्मी गळाली तर तोटा तुझा. दर कार्यक्रमाचा ठरव, पण आधी कार्यक्रमाचा आराखडा पक्का कर, कारण तास त्यावरूनच मोजायचे आहेत.

ऐंशीजणांचे पाचपाचचे सोळा संघ कर. वेगाला गुण देणारी कहूटसारखी साधनं आकर्षक दिसतात. पण तिथे उशिरा दिलेल्या बरोबर उत्तराला कमी गुण मिळतात. झूमवर तुझी स्क्रीन कुणाला दोन-तीन सेकंद उशिरा दिसते, मग ज्याचं नेट संथ तो उत्तर येत असूनही मागे पडतो आणि तक्रार तुझ्याकडे येते. ते साधन सुरुवातीच्या पाच मिनिटांच्या गंमतीपुरतं ठेव. खरी स्पर्धा झूमच्या ब्रेकआउट रूममध्ये, म्हणजे प्रत्येक संघाच्या वेगळ्या खोलीत, आणि गूगल फॉर्मवर घे. प्रश्न फॉर्मातच लिही, म्हणजे रूममध्ये गेल्यावरही ते संघासमोर राहतात. उत्तरं फक्त कर्णधार भरेल.

आठ प्रश्नांच्या चार फेऱ्या पुरेत. प्रत्येक फेरीला एक मिनिट सूचना, पाच मिनिटं रूम, पाच मिनिटं बरोबर उत्तरं सांगणं. रूम बंद केल्यावर झूम सहसा साठ सेकंदांची उलटी मोजणी दाखवतं, म्हणून बटण चौथ्या मिनिटाला दाब. आठ प्रश्नांना पाचच मिनिटं असली की गूगल करायला फारशी सवड उरत नाही. चार फेऱ्यांची चव्वेचाळीस मिनिटं, स्वागताची पाच, निकालाची पाच. उरलेली सहा मोकळी ठेव, ती उशिरा येणाऱ्यांत जातातच. गुण एक फेरी मागे जाहीर कर: दुसरी फेरी चालू असताना मदतनीस पहिलीचे तपासेल. लेखी उत्तरं फॉर्मवर सोडू नकोस. ‘कळसूबाई’ कुणी देवनागरीत लिहितो, कुणी रोमनमध्ये, आणि फॉर्म आधी न दिलेलं स्पेलिंग चूक ठरवतो. पर्यायी प्रश्न फॉर्म तपासेल, लेखी उत्तरं मदतनीस तपासेल.

वेळ सर्वात जास्त प्रश्नांवर घालव. ‘भारताचा पहिला चित्रपट कोणता?’ असं विचारलंस तर कुणीतरी १९१२ चा ‘श्री पुंडलिक’ काढेल, कुणी १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’, आणि पाच मिनिटं वादात जातील. ‘१९१३ साली प्रदर्शित झालेला दादासाहेब फाळके यांचा पहिला चित्रपट कोणता?’ असं विचार, की वाद संपला. प्रत्येक उत्तर दोन स्वतंत्र ठिकाणी पडताळ. आठांपैकी पाच-सहा प्रश्न बहुतेक संघांना जमले पाहिजेत. त्याहून कठीण केलंस तर तिसऱ्या फेरीपर्यंत कॅमेरे बंद होतात.

दोन दिवस आधी कंपनीच्याच एका लॅपटॉपवरून फॉर्म आणि क्विझची साइट उघडून बघायला सांग. ऑफिसच्या नेटवर्कवर अशा साइट बऱ्याचदा अडवलेल्या असतात, आणि हे घरच्या लॅपटॉपवरून कळत नाही. गाण्याची फेरी असेल तर स्क्रीन शेअर करताना आवाज शेअर करण्याची खूण लाव. नाहीतर तुला ऐकू येतं, त्यांना नाही. झूमच्या मोफत खात्यावर मीटिंग चाळीस मिनिटांत संपते, हेही लक्षात ठेव.

आता दर. कंपनीशी बोलणं १ तास, बत्तीस प्रश्न ६, फॉर्म आणि स्लाइड २, तालीम १, प्रत्यक्ष कार्यक्रम दीड, निकाल पाठवणं अर्धा: एकूण १२ तास. तासाला ७०० रुपये धरलेस (हा आकडा तुझ्या गरजेप्रमाणे बदल) तर ८,४०० झाले. मदतनीस १,५००, साधनांचा वाटा ६००, म्हणजे १०,५००. यावर बदल आणि रद्द होण्यासाठी वीस टक्के धर: १२,६००. कोटेशन १३,००० चं दे. त्यात ऐंशीपर्यंत माणसं, एकदाच प्रश्नबदल, निम्मे पैसे आगाऊ आणि कार्यक्रमाआधीच्या तीन दिवसांत रद्द केल्यास आगाऊ रक्कम परत नाही, हे लिहून टाक. सामान्य ज्ञानाच्या फेऱ्या पुढच्या गिऱ्हाईकाला वापरता येतात, म्हणून नफा दुसऱ्या-तिसऱ्या कामापासून दिसतो. त्या भरवशावर पहिलंच काम स्वस्त देऊ नकोस. कंपनी टीडीएस कापू शकते, तो विवरणपत्रात मिळवता येतो. जीएसटी नोंदणी नसेल तर बिलात जीएसटी लावू नकोस.

मंडळाचं काम आलं की एक पथ्य पाळ. खेळाडूंकडून प्रवेश शुल्क घेऊन त्यातून रोख बक्षीस, ही रचना टाळ. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात पैसे भरून जिंकण्याच्या अपेक्षेने खेळायच्या खेळांवर बंदी आहे, कौशल्याचा खेळ असला तरी. तुझी फी मंडळाने द्यावी आणि खेळाडूंना प्रवेश मोफत असावा. मंडळ तरीही तिकीट लावणार असेल, तर होकार देण्याआधी वकिलाला विचार.

सस्नेह