खोली 122 फुटांची, बिल 171 फुटांचं

«शाहूपुरीत तळमजल्यावर भाड्याने राहतो, करार 11 महिन्यांचा, अजून एकदा वाढेल. बेडरूम 10 बाय सव्वाबारा फूट. हॉलचं दार लांब भिंतीत, बाल्कनीचं आखूड भिंतीत. फरशीवर टाकायच्या व्हिनाइलचा भाव मजुरीसकट 48 रुपये फूट, पण दुकानदार 171 चौरस फूट लावतोय. फसवतोय का? लॅमिनेट सगळं धरून साडेसोळा हजारांना बसतं. तेच घेऊ का?»

दुकानदार फसवत नाही, फक्त त्याला सोयीचं ते माप घेतोय. रोल 2 मीटर रुंद, म्हणजे साधारण 6 फूट साडेसहा इंच. तो पट्ट्या लांबीच्या दिशेने टाकतोय, आणि खोली 10 फूट रुंद, म्हणून दोन लागतात. पण दुसऱ्या पट्टीतला जवळजवळ अडीच फुटांचा पन्हा कापून फेकला जातो, आणि त्याचेही पैसे तुमच्याकडूनच.

त्याला रोल फिरवायला सांगा. पट्ट्या 10 फुटांच्या दिशेने टाकल्या की दोन पन्हे मिळून 13 फूट 1 इंच होतात. तुमची भिंत सव्वाबारा फूट, बाल्कनीच्या उंबऱ्यात दाराच्या फळीखालपर्यंत साडेचार इंच, जोडावर एकावर एक ठेवून कापायला 1 इंच. तरी दोन्ही बाजूंना छाटायला मिळून 5 इंच उरतात. लांबीत प्रत्येक पट्टीला 6 इंच जास्त, आणि जिच्यात हॉलचं दार येतं तिला उंबऱ्याचे साडेचार इंच आणखी. एकूण साडेएकवीस फूट रोल, म्हणजे 141 चौरस फूट, 6,770 रुपये. आधीचं बिल 8,200 च्या घरात होतं.

जोड दारात येऊ देऊ नका, पायाखाली तो आधी उघडतो. तुमचा जोड बाल्कनीच्या भिंतीपासून सुमारे 6 फुटांवर पडेल. हॉलचं दार त्या रेषेवर नाही ना, टेप लावून बघा. लाकडी डिझाइन असेल तर दुसऱ्या पट्टीत रेषा जुळवायला जादा लांबी लागते, बारीक ठिपक्यांच्या डिझाइनला नाही.

लॅमिनेटबद्दल मी नाहीच म्हणेन. 22 महिने धरले तर ते महिन्याला 750 पडतं, व्हिनाइल 308. शिवाय 8 मिमी फळी आणि खाली 2 मिमी फोम, म्हणजे जमीन 1 सेंटिमीटर वर येते. दोन्ही दारं खालून तासावी लागतील, आणि घरमालकाची दारं तासायला परवानगी लागतेच. फळीचा गाभा दाबलेल्या लाकडी तंतूंचा, आपल्याकडच्या पावसाळ्यात तळमजल्याची ओल लागली की कडा फुगतात आणि मग बसत नाहीत.

ओल व्हिनाइललाही सोडत नाही, डिंक सुटतो. म्हणून ऑर्डरआधी फरशीवर 2 बाय 2 फुटांचा प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटवून एक दिवस ठेवा. खालून थेंब दिसले तर पैसे खिशातच ठेवा, आणि घरमालकाला बोलवून तो तुकडा दाखवा.